एकाच गिऱ्हाइकाची दोन खाती

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा. पुण्यातलं फराळ आणि मसाल्यांचं दुकान. काउंटरवरचा मुलगा गिऱ्हाइकाला नाव विचारून संगणकात 'कुलकर्णी' टाकतो आणि पडद्यावर कुलकर्ण्यांची लांबलचक यादी उघडते. मागे रांग लागलेली असते. यादीतून नेमक्या बाई शोधण्यापेक्षा 'नवीन ग्राहक' हे बटण दाबणं सोपं, म्हणून तो तेच करतो. त्याच बाई पुढे घरी बसून दुकानाच्या ॲपवरून ऑर्डर देतात, तेव्हा ॲप आणखी एक खातं उघडतं. चार-पाच वर्षांत दुकानाच्या यादीत माणसांपेक्षा खाती जास्त होतात, आणि मग एक दिवस मालक म्हणतो, "हे सगळं एकत्र करून टाका."

हे 'एकत्र करून टाकणं' मी बऱ्याच दुकानांत पाहिलं आहे. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एकच घेतला जातो: दोनपैकी एक खातं ठेवायचं, दुसरं उडवायचं. पैसे, जुन्या ऑर्डरी आणि पत्ते हरवतात ते याच समजुतीमुळे. खातं म्हणजे नाव आणि फोन नंबराची एक ओळ एवढंच नसतं. त्या ओळीला एक क्रमांक असतो आणि दुकानाच्या संगणकातल्या ऑर्डरी, जमाखर्च, पत्ते, बक्षिसाचे गुण, तक्रारी या सगळ्या नोंदींवर तो लिहिलेला असतो. ओळ उडवली की त्या सगळ्या नोंदी पोरक्या होतात. काही सॉफ्टवेअरमध्ये तर ग्राहक काढला की त्याच्या ऑर्डरीही आपोआप काढल्या जातात, आणि हे कुणाच्या लक्षात येतं ते वर्षअखेरीला विक्रीची बेरीज जुळेनाशी झाल्यावर.

उदाहरणासाठी एक कुलकर्णी घर घेऊ. नाव आणि आकडे कल्पित आहेत, घोटाळा मात्र नेहमीचाच. खातं क्रमांक ११८४ काउंटरवर उघडलेलं आहे. नाव 'एस. व्ही. कुलकर्णी', फोन बहुधा यजमानांचा, पत्ता कोथरूडचा. ४१ ऑर्डरी आणि १,२५० रुपये उधारी बाकी. खातं क्रमांक ५७३२ ॲपवरचं. नाव 'सुनीता कुलकर्णी', फोन त्यांचा स्वतःचा, १७ ऑर्डरी, ४०० रुपये आगाऊ जमा आणि चार पत्ते. दोन्ही खात्यांवर बक्षिसाचे गुण आहेत, इकडे १८० आणि तिकडे ३२०.

पहिला प्रश्न असा, की ही दोन खाती एकाच बाईंची आहेत कशावरून? फोन वेगळे आहेत. नाव जुळतंय असं वाटतं, पण आपल्याकडे आद्याक्षरांवर भरवसा ठेवता येत नाही. लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं लागतं. त्यामुळे सासूबाई सुलभा वसंत आणि सूनबाई सुनीता विनायक या दोघीही 'एस. व्ही. कुलकर्णी' होतात, आणि पत्ताही एकच. याच दुकानात क्रमांक २२६० वर आणखी एक 'एस. व्ही. कुलकर्णी' आहेत, त्याच कोथरूडच्या पत्त्यावर. नाव आणि पत्ता जुळला की खाती जोडायची असा नियम संगणकाला दिला, तर सासूची उधारी सुनेच्या नावावर चढेल. असा प्रसंग दुकानदारावर न आलेला बरा.

फोन नंबर जुळला म्हणजे माणूस तोच, असंही धरता येत नाही. एका घरात एकच नंबर सगळे देतात. शिवाय बंद पडलेले नंबर पुन्हा वाटले जातात. वापरात नसल्यानं बंद झालेला नंबर किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला देत नाहीत, असं दूरसंचार नियामक ट्रायनं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं होतं. म्हणजे त्यानंतर तो दुसऱ्या कुणाचाही असू शकतो. तीन वर्षांपूर्वीचं खातं आणि आजचं खातं यांचा नंबर एकच असला, तरी माणसं दोन असू शकतात.

जुळणीचं शास्त्र जुनं आहे. इव्हान फेलेगी आणि ॲलन सुंटर या दोघांनी १९६९ मध्ये त्याची गणिती मांडणी केली. तिचं सार दुकानदारालाही पटेल असं आहे: प्रत्येक जुळणाऱ्या गोष्टीचं वजन सारखं नसतं. पुण्यात 'कुलकर्णी' किंवा 'पाटील' जुळलं तर त्यातून फारसं काही कळत नाही. शंभर घरांत एखादं सापडेल असं आडनाव जुळलं, तर बरंच कळतं. न जुळणाऱ्या गोष्टींचंही वजन असतं. जन्मतारीख जुळत नसेल तर शंका मोठी, पण पत्ता जुळत नसेल तर लहान, कारण माणसं घरं बदलतात. ही वजनं मांडून जोड्यांचे तीन ढीग करायचे: नक्की एक, नक्की वेगळे आणि संशयित. संशयितांचा ढीग माणसानं बघायचा. मशीननं तो आपणहून निकालात काढता कामा नये.

आपल्या उदाहरणात वजनदार पुरावा दोन ठिकाणी सापडतो. ११८४ वरून सांगलीला गेलेल्या एका पार्सलवर घेणाऱ्याचा जो फोन आहे, तोच ५७३२ मध्ये जपून ठेवलेल्या 'आई' या पत्त्यावर आहे. तरीही मी थोडा थांबलो असतो, कारण सासूबाईही विहीणबाईंना फराळ पाठवतात. दुसरा पुरावा पैशांचा आहे. ६०० रुपयांच्या एका यूपीआय भरण्याचा बारा आकडी संदर्भ क्रमांक दोन्ही खात्यांवर तंतोतंत सारखा आहे. एवढ्यावर बाईंना फोन करायला हरकत नाही. "ताई, आमच्याकडे तुमची दोन खाती दिसतात, काउंटरवरचं आणि ॲपवरचं. एक करू का?" त्या हो म्हणाल्या की जुन्या नंबरावर एक आणि नव्या नंबरावर एक असे दोन ओटीपी पाठवायचे. दोन्ही त्यांनीच वाचून दाखवले की दोन्ही फोन त्यांच्या हाताशी आहेत हे ठरतं. एवढं झालं की जोडी पक्की.

आता पैशांकडे वळू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात.

११८४ ठेवून ५७३२ उडवलं, तर बाईंचे ४०० रुपये गेले. ५७३२ ठेवून ११८४ उडवलं, तर दुकानाचे १,२५० गेले. हुशार माणूस म्हणेल की वजाबाकी करू, १,२५० उणे ४००, म्हणजे ८५० येणं, आणि तो आकडा ठेवलेल्या खात्यात लिहून टाकू. हेही चुकीचंच. बाकी ही मुळात लिहून ठेवायची गोष्ट नाही. ती नावे आणि जमा नोंदींच्या बेरजेतून निघायला हवी. आकडा हातानं लिहिला, की तो कुठून आला हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आकडे हलवायचे नाहीत, नोंदी हलवायच्या. ५७३२ वरची प्रत्येक नोंद तिच्या मूळ तारखेसह, मूळ पावती क्रमांकासह ११८४ वर न्यायची. मग खातेउतारा तारीखवार लावला की बाकी आपोआप दिसते.

असा उतारा लावला की दडलेल्या गोष्टी वर येतात. त्या ६०० रुपयांचं असं झालं होतं: दुकानानं बाईंना पैसे भरायची लिंक पाठवली, त्यांनी भरले, आणि संगणकानं ते आपोआप ५७३२ वर जमा केले. बाईंनी व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉटही पाठवला. तो पाहून काउंटरवरच्या मुलानं तेच ६०० पुन्हा ११८४ वर हातानं जमा केले. ५७३२ वरचे २०० पुढे एका ऑर्डरीत वापरले गेले आणि उरलेले ४०० आगाऊ म्हणून दिसत राहिले. म्हणजे दुकानाच्या बँकेत ६०० आले आणि वह्यांत १,२०० जमा झाले. खरी बाकी १,२५० नाही, ८५०ही नाही. ती १,४५० आहे.

इथे मोह होतो की खाती जोडता जोडताच ती जादा नोंद गाळून टाकावी. तसं करू नये. खाती जोडणं हे एक काम आणि हिशेबातली चूक सुधारणं हे दुसरं. जोडताना एकही नोंद गळता कामा नये, म्हणजे जोडल्यावर बाकी ८५० दिसायलाच हवी, कारण तीच दोन खात्यांची बेरीज होती. ती तशी दिसली की जोडणी बरोबर झाल्याचं कळतं. त्यानंतर हिशेबनिसानं ६०० रुपयांची उलट नोंद वेगळी घालायची. तारीख आजची, शेऱ्यात कारण आणि तो बारा आकडी क्रमांक. मग बाकी १,४५० होते. दोन्ही कामं एकत्र केली, तर पुढे बेरीज चुकल्यास ती जोडणीत चुकली की सुधारणेत, हे शोधता येत नाही.

आगाऊ रक्कम आणि उधारी एकमेकांत वळती करणं हासुद्धा जोडणीचा भाग नाही. आगाऊ रक्कम कधी रद्द झालेल्या ऑर्डरीची असते आणि गिऱ्हाइकाला ती बँकेत परत हवी असते. वळती करायची तर विचारून, वेगळ्या नोंदीनं. उधारीच्या मर्यादेची बेरीज तर कधीच करू नये. दोन खात्यांवर पाच-पाच हजारांची मर्यादा असली म्हणून एका माणसाला दहा हजारांची उधारी मिळत नाही.

बक्षिसाच्या गुणांनाही नोंदींचाच नियम लावायचा. १८० आणि ३२० मिळून ५०० झाले, म्हणून ५०० गुणांची एक नवी नोंद घातली, तर मिळाल्याच्या तारखा पुसल्या जातात. गुण मिळाल्यापासून वर्षात संपत असतील, तर पुढच्या महिन्यात संपणारे गुण एकदम वर्षभर जगतील, किंवा सॉफ्टवेअर उलट वागलं तर ताजे गुण आजच मरतील. प्रत्येक गुणाची नोंद आपापल्या तारखेसह हलवली की हा प्रश्न उरत नाही.

संगणकात हे करताना सगळे फेरफार एकाच गाठोड्यात बांधतात. एक तर सगळे होतात, नाहीतर एकही होत नाही. अर्ध्यात वीज गेली म्हणून ऑर्डरी हलल्या आणि पैसे मागे राहिले असं होऊ नये, यासाठी ही सोय असते. त्याचा गाभा असा दिसतो:

```sql
BEGIN;
SELECT id FROM customers
 WHERE id IN (1184, 5732) ORDER BY id FOR UPDATE;
INSERT INTO merge_log (tbl, row_id, old_id, new_id)
 SELECT 'orders', id, 5732, 1184
 FROM orders WHERE customer_id = 5732;
UPDATE orders SET customer_id = 1184
 WHERE customer_id = 5732;
UPDATE customers SET merged_into = 1184
 WHERE id = 5732;
COMMIT;
```

सुरुवातीला दोन्ही खात्यांना कुलूप लागतं, म्हणजे काम चालू असताना दुसरं कुणी ती बदलू शकत नाही. मग कोणती ऑर्डर कुठून कुठे जाणार याची यादी लिहून ठेवली जाते आणि त्यानंतरच ऑर्डरी हलतात. हीच दोन पावलं जमाखर्च, पत्ते, गुण, तक्रारी, अर्धवट राहिलेल्या ऑर्डरी अशा प्रत्येक तक्त्यासाठी करावी लागतात. एखादा तक्ता विसरला जातो तो इथेच. तो शोधायचा उपाय साधा आहे: काम संपल्यावर सगळ्या तक्त्यांत ५७३२ हा क्रमांक शोधायचा. तो फक्त ग्राहकांच्या तक्त्यातल्या स्वतःच्या ओळीवर आणि त्या जोडणीच्या यादीत सापडला पाहिजे.

शेवटून दुसरी आज्ञा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ५७३२ ची ओळ पुसली जात नाही. तिच्यावर 'हे खातं आता ११८४ मध्ये आहे' अशी पाटी लागते. बाईंच्या फोनमधलं ॲप अजून स्वतःला ५७३२ च समजत असतं, कुरिअरवाल्याकडच्या पावतीवर ५७३२ असतं, हिशेबनिसाच्या जुन्या छापील उताऱ्यावरही तेच असतं. कुणीही तो क्रमांक टाकला तरी पाटी वाचून तो ११८४ ला पोचला पाहिजे. जुन्या बिलांवर छापलेलं नाव आणि पत्ता मात्र बदलायचा नाही. बिल त्या दिवशी जसं दिलं तसंच राहतं, आणि जीएसटीच्या नियमानुसार हे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावं लागतं. ऑर्डर कुणाची हे बदलतं, बिलात काय लिहिलंय ते बदलत नाही.

पत्त्यांचं दुखणं वेगळं आहे. ११८४ वर एक पत्ता होता, 'घर', कोथरूडचा, पिन ४११०३८. ५७३२ वर चार: 'घर' कर्वेनगरचं, ४११०५२, 'आई' सांगलीची, ४१६४१६, मुलगी बेंगळुरूला, आणि पुन्हा तेच जुनं कोथरूडचं घर, जरा वेगळं लिहिलेलं. एकात 'बी विंग, फ्लॅट ३', दुसऱ्यात 'बी-३, दुसरा मजला, पाण्याच्या टाकीसमोर'.

पहिली अडचण म्हणजे 'घर' नावाचे दोन पत्ते. एका गिऱ्हाइकाला 'घर' एकच असावं असा नियम बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतो. मग दुसरं 'घर' आत येताना एक तर सगळं काम अडतं, किंवा ते गुपचूप गाळलं जातं. अडलं तर बरं, कारण निदान कळतं. गाळलं गेलं तर कर्वेनगरचा पत्ता नाहीसा होतो आणि पुढचं पार्सल तीन वर्षांपूर्वी सोडलेल्या कोथरूडच्या घरी जातं. म्हणून आधी जुन्या पत्त्याचं नाव 'घर, जुनं' असं करायचं आणि मग हलवायचं. नेहमीचा पत्ता कोणता, हे खात्याच्या वयावरून ठरवायचं नाही. शेवटचं पार्सल जिथे सुखरूप पोचलं तो पत्ता धरायचा.

कोथरूडच्या दोन पत्त्यांचं काय करायचं? पिन कोड सारखा आहे हे चांगलं, पण पुरेसं नाही. श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून १९७२ मध्ये सुरू झालेला हा सहा आकडी क्रमांक शेवटच्या तीन आकड्यांनी टपाल कार्यालयापर्यंत नेतो. त्यापुढे दारापर्यंत पोचवतो तो पत्त्याचा मजकूरच. 'पाण्याच्या टाकीसमोर' हे शब्द कुरिअरच्या मुलाला फ्लॅट क्रमांकापेक्षा जास्त उपयोगी पडतात, आणि पत्त्याखाली 'दुपारी बेल वाजवू नये' असा शेरा असेल तर तोही त्याच ओळीवर असतो. म्हणून दोन पत्ते एक करताना लांब मजकूर आणि सगळे शेरे ठेवायचे. दुसरी ओळ पुसायची नाही, फक्त यादीतून लपवायची, कारण वाटेत असलेली एखादी ऑर्डर तिच्याकडे बोट दाखवत असू शकते. शंका असेल तर दोन्ही दिसू द्यायचे. यादीत एक पत्ता जास्त दिसल्यानं कुणाचं नुकसान होत नाही.

काम झाल्यावर ताळा घ्यायचा. ४१ आणि १७ मिळून ५८ ऑर्डरी दिसल्या पाहिजेत. पत्त्यांच्या पाच ओळी, त्यातली एक लपलेली. बाकी ८५०. याहून भारी ताळा संपूर्ण दुकानाचा: सगळ्या गिऱ्हाइकांकडून येणं, सगळ्यांची आगाऊ जमा, दोन्हींची निव्वळ बेरीज जोडणीच्या आधी आणि नंतर पैशापर्यंत सारखी हवी. खाती जोडल्यानं दुकान श्रीमंतही होत नाही, गरीबही होत नाही. फरक एका रुपयाचा असला तरी सगळं उलटवून कारण शोधायचं. हे काम रात्री, कुरिअरची गाडी गेल्यावर करावं. दिवाळीच्या आठवड्यात तर मुळीच करू नये.

राहिला 'नको' म्हणण्याचा हक्क. एका खात्यावर बाईंनी जाहिरातीचे संदेश नको असं कळवलं असेल आणि दुसऱ्यावर काहीच म्हटलं नसेल, तर जोडलेल्या खात्यावर 'नको' लागतं. याला माझ्या लेखी अपवाद नाही.

आणि जोडी चुकीची निघाली तर? ११८४ खरोखर सासूबाईंचंच होतं असं दोन महिन्यांनी कळलं, तर ती जोडणीची यादी कामी येते. कोणती ओळ कुठून आली हे तिच्यात लिहिलेलं असतं, त्यामुळे जोडणीपूर्वीच्या नोंदी जिथल्या तिथे परत नेता येतात. परत नेता येत नाहीत त्या मधल्या दोन महिन्यांतल्या. त्या काळात एकच खातं होतं, आणि 'चिवडा एक किलो' ही ऑर्डर सासूची की सुनेची हे संगणकाला माहीत असायचं कारण नाही. दोन्ही खात्यांतून जमलेले गुण एका खरेदीत वापरले गेले असतील, तर तेही तोडून वाटता येत नाहीत. तिथे फोन करून, एकेक ऑर्डर विचारूनच वाटणी करावी लागते.

म्हणून क्रमांक २२६० च्या सासूबाईंचं खातं कुणाशीच जोडायचं नाही. दुकानाला हवं असतं ते एवढंच, की कोथरूडच्या त्या घरातून फोन आला की दोन्ही बायकांची माहिती एकत्र समोर यावी. त्यासाठी 'एकाच घरातले' अशी खूण पुरते. खाती दोन राहतात, उधारी ज्याची त्याच्या नावावर राहते, आणि काउंटरवरच्या मुलाला एका नावावर टिचकी मारली की दुसरं बाजूला दिसतं. ही खूण उद्या काढून टाकली, तरी कुणाचा एक पैसाही इकडचा तिकडे होत नाही.